Φ₁₂(x) काढताना कशाने भागायचे आणि कुठे थांबायचे

प्रश्न: x¹² − 1 ला लहान सायक्लोटॉमिक बहुपदींनी भागून Φ₁₂(x) काढायची आहे. x⁶ − 1 ने भाग गेला, पण पुढे x⁴ − 1 ने भागले तर बाकी उरते. दुसऱ्या रीतीने एकेक अवयव घेऊन भागले तेव्हा बाकी शून्य आली, पण उत्तर सहाव्या घाताचे निघाले आणि पुस्तकात चौथ्या घाताचे आहे. नेमके कशाकशाने भागायचे आणि उत्तर बरोबर आले हे कसे ओळखायचे?

उत्तर:

x¹² − 1 ला आधी x⁶ − 1 ने भागा, म्हणजे x⁶ + 1 उरेल. त्या x⁶ + 1 ला मग x⁴ − 1 ने नव्हे, तर केवळ x² + 1 ने भागा. भागाकार x⁴ − x² + 1 येतो आणि तीच Φ₁₂(x) आहे. दोन्ही प्रयत्नांत तुमचा भागाकार चुकलेला नाही. पहिल्या वेळी काही अवयव दोनदा काढायला घेतले गेले आणि दुसऱ्या वेळी एक अवयव काढायचा राहून गेला. या दोन चुकांची लक्षणे वेगवेगळी असतात आणि ती ओळखता आली की पुस्तक उघडण्याची गरज उरत नाही, म्हणून खाली दोन्हींबद्दल सविस्तर लिहितो.

सुरुवात मुळांपासून करू. x¹² − 1 = 0 या समीकरणाची 12 मुळे एकक वर्तुळावर 30° च्या समान अंतराने बसलेली असतात. k × 30° या कोनावरच्या मुळाला आपण k हा क्रमांक देऊ. k च्या किमती 0 पासून 11 पर्यंत. आता प्रत्येक मुळाबाबत असे विचारायचे की त्याचे घात करत गेल्यावर 1 ही संख्या पहिल्यांदा कितव्या घाताला मिळते. या पहिल्या घाताला त्या मुळाचा क्रम म्हणतात आणि तो 12 ला k व 12 यांच्या मसाविने भागून मिळतो. क्रमांक 0 चा क्रम 1 आहे आणि क्रमांक 6 चा, म्हणजे −1 चा, क्रम 2 आहे. क्रमांक 4 व 8 यांचा क्रम 3, क्रमांक 3 व 9 यांचा 4, आणि क्रमांक 2 व 10 यांचा 6. उरलेल्या 1, 5, 7, 11 या चार मुळांचा क्रम नेमका 12 आहे. Φ_d(x) म्हणजे ज्यांचा क्रम नेमका d आहे अशा मुळांपासून तयार होणारी आणि सर्वांत मोठ्या घाताचा सहगुणक 1 असणारी बहुपदी. त्यामुळे

x¹² − 1 = Φ₁ · Φ₂ · Φ₃ · Φ₄ · Φ₆ · Φ₁₂

हे वेगळे सिद्ध करण्याची गरज राहत नाही, कारण प्रत्येक मुळाला एकच क्रम असतो आणि म्हणून ते उजव्या बाजूला एकाच ठिकाणी येते. x¹² − 1 चे विकलन 12x¹¹ हे फक्त x = 0 ला शून्य होते, म्हणजे x¹² − 1 ला एकही दुहेरी मूळ नाही. यावरून पाळायचा नियम असा निघतो की पाचही लहान अवयव काढायचे, आणि प्रत्येक नेमका एकदाच काढायचा.

हे पाच अवयव त्याच रीतीने खालून वर मिळतात. Φ₁ = x − 1 आणि Φ₂ = x + 1. x³ − 1 मधून x − 1 काढला की Φ₃ = x² + x + 1 मिळते. x⁴ − 1 मधून x² − 1 काढला की Φ₄ = x² + 1 मिळते. Φ₆ साठी x⁶ − 1 ला x³ − 1 ने भागून x³ + 1 मिळवायचे आणि मग क्रम 2 चा उरलेला अवयव x + 1 काढायचा. येते x² − x + 1. पाचांच्या कोटींची बेरीज 1 + 1 + 2 + 2 + 2 = 8 आहे, म्हणजे उत्तराची कोटी 12 − 8 = 4 असलीच पाहिजे. हा आकडा भागाकाराला हात घालण्यापूर्वीच समासात लिहून ठेवावा, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आता तुमची पहिली रीत पाहू. x⁶ − 1 मध्ये सम क्रमांकाची सहाही मुळे आहेत, म्हणजे Φ₁, Φ₂, Φ₃ आणि Φ₆ हे चार अवयव त्यात एकत्र आलेले आहेत. या एकाच भागाकाराने चार अवयव निघून जातात आणि उरणाऱ्या x⁶ + 1 मध्ये 1, 3, 5, 7, 9, 11 ही विषम क्रमांकाची मुळे राहतात. त्यांतली 3 आणि 9 ही क्रम 4 ची मुळे एवढीच नको आहेत. x⁴ − 1 ची मुळे मात्र 0, 3, 6, 9 ही आहेत. त्यांपैकी 0 आणि 6 ही x⁶ − 1 बरोबर आधीच निघून गेलेली असल्यामुळे x⁶ + 1 ला x⁴ − 1 ने निःशेष भाग जाणे शक्यच नव्हते.

पण तुम्हाला आलेली बाकी जरा जवळून बघण्यासारखी आहे. x⁶ + 1 मधून x² · (x⁴ − 1), म्हणजे x⁶ − x², वजा केले की x² + 1 उरते. ही बाकी योगायोगाने आलेली नाही. मसावि काढण्याच्या युक्लिडच्या रीतीची ही पहिली पायरी आहे, आणि x² + 1 ने x⁴ − 1 ला पूर्ण भाग जात असल्यामुळे ती दुसऱ्याच पायरीला संपते. म्हणजे x⁶ + 1 आणि x⁴ − 1 यांचा मसावि x² + 1 आहे, आणि x⁴ − 1 मधला अजून न काढलेला भागही नेमका तोच आहे. ज्या बाकीमुळे तुम्ही थांबलात, तोच तुमचा पुढचा भाजक होता. ही युक्ती फक्त 12 साठी चालते असेही नाही. आतापर्यंतच्या भागाकारातून पुढचे xᵈ − 1 काढायचे असेल तेव्हा भागाकार आणि xᵈ − 1 यांचा मसावि काढून फक्त त्या मसाविनेच भागावे, म्हणजे कोणताही अवयव दोनदा काढला जाण्याची भीती राहत नाही.

x⁶ − 1 आणि x⁴ − 1 याच दोघांचा विचार पुरेसा का आहे, तेही इथे सांगून टाकतो. 12 चे मूळ अवयव 2 आणि 3 आहेत. 12 पेक्षा लहान असा 12 चा कोणताही विभाजक घेतला, तर तो 12 ÷ 2 = 6 ला किंवा 12 ÷ 3 = 4 ला भागतोच. त्यामुळे नको असलेले प्रत्येक मूळ x⁶ − 1 मध्ये किंवा x⁴ − 1 मध्ये कुठेतरी असतेच. जे दोन्हींमध्ये आहेत ते अवयव मिळून x² − 1 होतात, कारण 6 आणि 4 यांचा मसावि 2 आहे. म्हणून दोन्हींच्या गुणाकाराने भागायचेच असेल, तर दोनदा काढलेला x² − 1 परत गुणून द्यावा लागतो:

Φ₁₂(x) = (x¹² − 1)(x² − 1) / [(x⁶ − 1)(x⁴ − 1)]

मोबियसच्या सूत्राने हेच मिळते. परंतु हाताने करताना मला हे रूप फारसे सोयीचे वाटत नाही, कारण आधी वाढवायचे आणि मग भागायचे यात कामच वाढते.

सगळे एका फटक्यात करायचे असेल तर पाचही अवयवांचा गुणाकार आधी करून घ्या. तो (x⁶ − 1)(x² + 1) = x⁸ + x⁶ − x² − 1 आहे, आणि x⁶ − 1 व x⁴ − 1 यांचा लसाविही हाच आहे. त्याने x¹² − 1 ला भागताना तीनच पायऱ्या लागतात. x⁴ ने गुणून वजा केले की −x¹⁰ + x⁶ + x⁴ − 1 उरते. −x² ने गुणून वजा केले की x⁸ + x⁶ − x² − 1 उरते, म्हणजे खुद्द भाजकच. शेवटी 1 ने गुणून वजा केले की शून्य. भागाकार x⁴ − x² + 1. दुसऱ्या पायरीला भाजक जसाच्या तसा समोर आला की चिन्हे चुकलेली नाहीत याची वाटेतच खात्री पटते.

तुमची दुसरी रीत, म्हणजे एकेक अवयव घेऊन भागत जाण्याची, चुकीची नाही. पण ती लांब आहे आणि तिच्यात घसरण्याच्या जागा जास्त आहेत. x − 1 ने भागल्यावर x¹¹ पासून 1 पर्यंत बारा पदे उभी राहतात आणि सगळ्यांचे सहगुणक 1 असतात. x + 1 ने भागल्यावर x¹⁰ + x⁸ + x⁶ + x⁴ + x² + 1 उरते. इथपर्यंत संश्लेषक पद्धत चालते, पुढे मात्र भाजक दुसऱ्या घाताचे असल्याने नेहमीचा लांब भागाकार करावा लागतो. x² + x + 1 ने भागल्यावर x⁸ − x⁷ + x⁶ + x² − x + 1 येते. ऋण सहगुणक इथे पहिल्यांदा दिसतात आणि x⁵, x⁴, x³ ही तीन पदे एकदम नाहीशी होतात. त्याला x² + 1 ने भागल्यावर

x⁶ − x⁵ + x³ − x + 1

मिळते. माझ्या अंदाजाने तुमचे सहाव्या घाताचे उत्तर हेच असावे. बाकी शून्य, सहगुणक पूर्णांक, आणि ते दोन्ही टोकांकडून वाचले तरी सारखेच. दिसायला अगदी निर्दोष असे हे उत्तर आहे, पण Φ₆ काढायची राहून गेली आहे. हे असे वारंवार होते, आणि त्याचे कारणही साधे आहे. 12 = 3 × 4 असे मनात असल्यामुळे विद्यार्थी 1, 2, 3, 4 हे विभाजक पटकन लिहितो आणि 6 विसरतो. विभाजक नेहमी जोडीने लिहावेत: 1 बरोबर 12, 2 बरोबर 6, 3 बरोबर 4. असे लिहिले की 6 निसटत नाही.

यातून घेण्याची गोष्ट अशी की शून्य बाकीवरून फक्त एवढेच कळते की तुम्ही जरुरीपेक्षा जास्त काही काढलेले नाही. काही काढायचे राहिले का, हे तिच्यावरून कळत नाही, कारण x¹² − 1 ला कोणताही एक अवयव वगळून भागले तरी बाकी शून्यच येते. राहून गेलेला अवयव कोटीवरून सापडतो. समासात आपण 4 लिहून ठेवले होते आणि हाती 6 आले, म्हणजे एकूण दोन कोटीचे काहीतरी आत अडकले आहे. ते बहुधा Φ₃, Φ₄ किंवा Φ₆ यांपैकी एक असते, किंवा Φ₁ आणि Φ₂ दोन्ही असतात. Φ₁ आणि Φ₂ काढल्याची खात्री x = 1 आणि x = −1 या किमती ठेवून लगेच करता येते. वरच्या बहुपदीत x = 1 ठेवले तर 1 येतो आणि x = −1 ठेवले तर 3 येतो. दोन्ही शून्येतर आहेत, म्हणजे ते दोन अवयव निघून गेलेले आहेत आणि अडकलेला अवयव दुसऱ्या घाताचा आहे.

आता शेवटचा भागाकार, x⁶ − x⁵ + x³ − x + 1 ला x² − x + 1 ने. हा सहगुणक रूपात मांडून करावा आणि नसलेल्या पदांच्या जागी शून्य लिहिण्याचा कंटाळा करू नये:

```
भाज्य :  1  -1   0   1   0  -1   1
          1  -1   1                    × 1
          0   0  -1   1   0
                 -1   1  -1            × -1
                  0   0   1  -1   1
                          1  -1   1    × 1
                          0   0   0
भागाकार :  1   0  -1   0   1
```

पहिल्या वजाबाकीनंतर पुढचा सहगुणकही शून्यच येतो, म्हणजे भागाकारात x³ चे पद नाही. दुसऱ्या वजाबाकीनंतर तसेच x चे पद नाही. या दोन्ही ठिकाणी भागाकाराच्या ओळीत 0 लिहिलाच पाहिजे. तो गाळला तर ओळीत 1, −1, 1 एवढेच राहते आणि ती x² − x + 1 म्हणून वाचली जाते. ही बहुपदी Φ₆ आहे, त्यामुळे नाव ओळखीचे निघते आणि चूक आणखीच दडते. कोटीचा आकडा इथेही उपयोगी पडतो: सहाव्या घाताला दुसऱ्या घाताने भागल्यावर दुसरा घात येऊच शकत नाही.

उत्तर हाती आल्यावर पडताळा घेण्यासाठी मी सहसा x = 2 आणि x = 10 या किमती ठेवतो. x = 2 घेतल्यास 2¹² − 1 = 4095. पाच लहान अवयवांच्या किमती Φ₁ ते Φ₄ आणि Φ₆ या क्रमाने 1, 3, 7, 5, 3 येतात. त्यांचा गुणाकार 315, आणि 4095 ला 315 ने भागल्यावर 13. उत्तराकडून 16 − 4 + 1 = 13. जुळले. तुमच्या सहाव्या घाताच्या उत्तराची किंमत 64 − 32 + 8 − 2 + 1 = 39 येते, म्हणजे 13 च्या तिप्पट, आणि तो जादा 3 म्हणजेच न काढलेल्या Φ₆ ची किंमत आहे. या पडताळ्याला एक मर्यादा आहे. Φ₁(2) = 1 असल्यामुळे x − 1 ने भागायचे राहून गेले असेल तर ते x = 2 ला दिसत नाही. उलट x = 1 ला Φ₆ चीही किंमत 1 येते आणि Φ₁₂ चीही 1 येते, म्हणून x = 1 चा पडताळा तुमच्या सहाव्या घाताच्या उत्तरालाही बरोबर ठरवतो. तेव्हा एकाच किमतीवर विसंबून राहू नये.

x = 10 चा पडताळा या दोन्ही त्रुटींतून सुटतो आणि त्याची मजाही वेगळी आहे. इथे पाच अवयवांच्या किमती 9, 11, 111, 101 आणि 91 येतात, एकही 1 नाही. आपली बहुपदी 10000 − 100 + 1 = 9901 देते. पाच किमतींचा गुणाकार 100999899 आहे, आणि 9901 × 100999899 केले की बारा वेळा 9 येतो. याचा अर्थ 1/9901 हा अपूर्णांक दशांशात 0.000100999899 आणि पुढे पुन्हा तेच बारा अंक, असा आवर्ती येतो. आवर्तन बारा अंकांपेक्षा लहान का नाही, याचे उत्तर वरच्या भागाकारातच आहे. 10⁶ + 1 = 101 × 9901 असल्यामुळे 10⁶ ला 9901 ने भागल्यास 1 ऐवजी −1 ची बाकी राहते, आणि 10⁴ − 1 = 9999 ला 9901 ने भाग जात नाही. 6 आणि 4 हे दोन घात तपासले की बाकीचे सगळे लहान विभाजक त्यांत येऊन गेले. मुळांच्या बाबतीत केलेला विचारच इथे अंकांच्या रूपात दिसतो.

आता थांबायचे कुठे. x⁴ − x² + 1 चे परिमेय सहगुणकांत आणखी अवयव पडत नाहीत, आणि हे फार मोठी हत्यारे न काढता दाखवता येते. ही बहुपदी (x² − ½)² + ¾ अशी लिहिली की तिला वास्तव मूळच नाही हे दिसते, म्हणजे पहिल्या घाताचा अवयव शक्य नाही. दुसऱ्या घाताचे दोन अवयव पडायचे असतील तर 30°, 150°, 210°, 330° या चार मुळांच्या दोन जोड्या कराव्या लागतील, आणि तशा तीनच रीती आहेत. 30° ची जोडी 330° शी लावली तर x² − √3x + 1 मिळते. 150° शी लावली तर x² − ix − 1 मिळते. 210° शी लावली तर मधले पद जाते, पण शेवटचे पद वास्तव राहत नाही. तिन्ही ठिकाणी परिमेय नसलेला सहगुणक येतोच. त्यामुळे इथे थांबणे योग्य आहे. पहिल्या रीतीचा एक उपयोग जाता जाता सांगतो: (x² + 1)² − 3x² ही मांडणी उलगडली की x⁴ − x² + 1 परत मिळते, म्हणजे भागाकार न करता केवळ cos 30° = √3/2 यावरूनही उत्तर पडताळता येते.

पदवीच्या वर्गात Φ_p साठी, p मूळ संख्या असताना, x च्या जागी x + 1 ठेवून आयझेनस्टाइनचा निकष लावतात. तो इथे लावण्यात वेळ घालवू नका. x + 1 ठेवल्यावर शेवटचे पद Φ₁₂(1) = 1 येते आणि 1 ला कोणतीच मूळ संख्या भागत नाही. 1 ऐवजी दुसरी कोणतीही पूर्णांक संख्या मिळवून पाहिली तरी हा निकष लागू होत नाही, कारण त्यासाठी मॉड्युलो p ही बहुपदी एकाच रेषीय अवयवाचा चौथा घात व्हावी लागते. मॉड्युलो 2 ती (x² + x + 1)² होते, मॉड्युलो 3 ती (x² + 1)² होते, आणि या दोन्ही कंसांतल्या बहुपदींना आपापल्या ठिकाणी मूळ नाही. p 3 पेक्षा मोठा असेल तर दुहेरी मुळे येतच नाहीत. एखाद्या मूळ संख्येच्या मॉड्युलोत अवयव पडत नाहीत असे दाखवण्याची नेहमीची युक्तीही चालत नाही, कारण ही बहुपदी प्रत्येक मूळ संख्येच्या मॉड्युलोत फुटते. मॉड्युलो 7 तिचे (x² − 3)(x² − 5) होते, आणि मॉड्युलो 13 ती चार रेषीय अवयवांत फुटते, ज्यांतला एक x − 2 आहे; x = 2 ला किंमत 13 आली होती, ती यामुळेच. याचे मूळ असे की 12 शी सहमूळ असलेल्या 1, 5, 7, 11 या चारही संख्यांचा वर्ग 12 ने भागल्यावर 1 ची बाकी देतो, त्यामुळे 3 पेक्षा मोठ्या कोणत्याही मूळ संख्येच्या मॉड्युलोत दोनपेक्षा जास्त कोटीचा अवयव टिकू शकत नाही.

संगणकावर पडताळायचे असेल तर सिमपाय पुरेसे आहे:

```python
from sympy import symbols, div, cyclotomic_poly
x = symbols('x')
print(div(x**12 - 1, (x**6 - 1)*(x**2 + 1), x))
print(cyclotomic_poly(12, x))
```

पहिल्या ओळीत भागाकार आणि बाकी अशी जोडी `(x**4 - x**2 + 1, 0)` छापली जाते, दुसऱ्या ओळीत नुसती बहुपदी. भाजकाच्या जागी `(x**6 - 1)*(x**4 - 1)` घालून पाहा. बाकी x⁸ + x⁶ − x² − 1 येईल, म्हणजे वर आलेला लसाविच, आणि भागाकाराची कोटी 4 ऐवजी 2 येईल.

याच पद्धतीने पुढे जाताना दोन गोष्टी ध्यानात असू द्या. 24 आणि 36 यांचे मूळ अवयव 2 आणि 3 हेच असल्याने तिथे नवा भागाकार करावा लागत नाही. Φ₁₂ मध्ये x च्या जागी x² ठेवले की Φ₂₄ = x⁸ − x⁴ + 1 मिळते आणि x³ ठेवले की Φ₃₆ = x¹² − x⁶ + 1 मिळते. Φ₁₂ स्वतःही Φ₆ मध्ये x च्या जागी x² ठेवून मिळते. पण 60 घेतल्यास 5 हा नवा मूळ अवयव येतो आणि मग x³⁰ − 1, x²⁰ − 1 आणि x¹² − 1 या तिघांचा लसावि घेऊन भागावे लागते. तिथे एकेक जोडीचा मसावि काढत जाण्याची वर सांगितलेली रीतच वापरावी. सहगुणक नेहमी 0, 1 किंवा −1 असतात असेही यावरून धरून चालू नका. 105 पर्यंत तसे दिसत जाते, पण 105 = 3 × 5 × 7 ला पहिल्यांदा −2 हा सहगुणक येतो, आणि तो तुमच्या भागाकारात आला तर खोडू नका.